स्वस्त पत्र्याचा महिना: मटेरियल, लेबर आणि ओव्हरहेड व्हेरिअन्स एकाच उदाहरणातून

महिन्याअखेरीस मटेरियलचा हिशोब असा आला: झालेल्या उत्पादनाला स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे आधीच ठरवलेल्या प्रमाणाने आणि दराने, ९,६०,००० रुपयांचा माल लागायला हवा होता, प्रत्यक्षात लागला ९,५८,८०० रुपयांचा. फरक १,२०० रुपये, तोही अनुकूल. साडेनऊ लाखांत हजारबाराशेचा फरक कुणी बघायलाही थांबणार नाही. पण त्याच महिन्यात एकूण खर्च स्टँडर्डपेक्षा ८५,२०० रुपयांनी जास्त झाला होता आणि त्यातल्या मोठ्या भागाचं मूळ त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या १,२०० रुपयांच्या आत दडलेलं होतं.

हे उदाहरण मी शिकवण्यासाठी रचलेलं आहे, आकडेही सोपे ठेवले आहेत. उत्तरं कशी काढायची ते यात आहेच, पण माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे: एका निर्णयाचा परिणाम पाच-सहा व्हेरिअन्समध्ये, म्हणजे स्टँडर्ड आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकांमध्ये, विखुरला जातो, आणि तो गोळा केल्याशिवाय अनुकूल-प्रतिकूल या शब्दांना अर्थ येत नाही.

आधी माहिती नीट मांडून घ्या

पत्र्यापासून लोखंडी ब्रॅकेट बनवणारा एक विभाग आहे. महिन्याचं बजेट ५,००० नगांचं. ओव्हरहेड म्हणजे माल आणि मजुरी सोडून होणारा खर्च; कामाबरोबर वाढणारा तो व्हेरिएबल, न बदलणारा तो फिक्स्ड. एका नगाचं स्टँडर्ड असं:

| घटक | प्रमाण | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| पत्रा | ४ किलो | ५० | २०० |
| मजुरी | २ तास | ८० | १६० |
| व्हेरिएबल ओव्हरहेड | २ तास | १५ | ३० |
| फिक्स्ड ओव्हरहेड | २ तास | ४० | ८० |
| एकूण | | | ४७० |

प्रत्यक्षात ४,८०० चांगले नग तयार झाले. पत्रा २२,००० किलो घेतला, ४७ रुपये दराने, आणि त्यातला २०,४०० किलो वापरला गेला. पगार १०,२०० तासांचा झाला, सरासरी ८२ रुपये दराने. त्यातले २०० तास मशीन बंद असल्यामुळे वाया गेले. व्हेरिएबल ओव्हरहेड १,५२,००० आणि फिक्स्ड ओव्हरहेड ३,९४,००० रुपये झाला.

सूत्राकडे वळण्याआधी एक काम करायचं: ५,००० हा आकडा बाजूला ठेवायचा. तो फक्त फिक्स्ड ओव्हरहेडला लागणार आहे. बाकी सगळीकडे तुलना ४,८०० नगांच्या स्टँडर्डशी होते. ५,००० नगांना २०,००० किलो लागतात आणि वापर २०,४०० किलो झाला, म्हणजे ४०० किलोच जास्त गेला, असं म्हटलं की गणित तिथेच चुकलं. कारण २०० नग बनलेच नाहीत, त्यांचा पत्रा हिशोबात धरता येत नाही. ४,८०० नगांना १९,२०० किलो लागायला हवे होते, म्हणजे जादा वापर १,२०० किलोंचा आहे. परीक्षेतल्या चुका मोजल्या तर बहुतेक याच एका जागी सापडतात. शिवाय ४,८०० हे चांगले नगच असले पाहिजेत. तपासणीत नापास झालेले नग उत्पादनात मोजले गेले, तर स्टँडर्ड वापर फुगतो आणि वाया गेलेला माल वहीतून गायब होतो.

म्हणून आधी लिहून ठेवा: स्टँडर्ड पत्रा १९,२०० किलो, स्टँडर्ड तास ९,६००.

मटेरियल: तीन रकमांची उतरंड

सूत्रं पाठ करण्यापेक्षा तीन रकमा एकाखाली एक लिहिण्याची सवय मला जास्त भरवशाची वाटते. पहिली रक्कम: लागायला हवा तितका माल, स्टँडर्ड दराने. दुसरी: प्रत्यक्ष वापरलेला माल, स्टँडर्ड दरानेच. तिसरी: प्रत्यक्ष वापर, प्रत्यक्ष दराने.

```
१) १९,२०० किलो × ५० = ९,६०,०००
२) २०,४०० किलो × ५० = १०,२०,०००
३) २०,४०० किलो × ४७ = ९,५८,८००

यूसेज व्हेरिअन्स  (१ − २) = ६०,००० प्रतिकूल
प्राइस व्हेरिअन्स  (२ − ३) = ६१,२०० अनुकूल
कॉस्ट व्हेरिअन्स  (१ − ३) = १,२०० अनुकूल
```

वरच्या रकमेतून खालची वजा करायची. उत्तर अधिक आलं तर अनुकूल, उणे आलं तर प्रतिकूल. पहिल्या दोन रकमांत दर सारखा आणि माल वेगळा, म्हणून त्यांतला फरक निव्वळ वापराचा. दुसऱ्या-तिसऱ्यात माल सारखा आणि दर वेगळा, म्हणून तो निव्वळ दराचा. चिन्हांचा गोंधळ इथेच संपतो, कारण वजाबाकीची दिशा कधी बदलत नाही.

यूसेज व्हेरिअन्स ५० च्या दराने का, ४७ च्या का नाही, असं विद्यार्थी विचारतात. कारण वर्कशॉपमधल्या माणसाने किती पत्रा खर्च केला हे मोजायचं आहे. खरेदी विभागाला तो कितीला मिळाला याच्याशी त्याचा संबंध नाही. दोघांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवायच्या म्हणून स्टँडर्ड दर.

इथे एक फाटा आहे. खरेदी २२,००० किलोंची होती, वापर २०,४०० चा. प्राइस व्हेरिअन्स कशावर काढायचा? माल गोदामात स्टँडर्ड दराने नोंदवला जात असेल तर खरेदीवर, म्हणजे २२,००० × ३ = ६६,००० अनुकूल. मग तीन रकमांची बेरीज जुळत नाही, आणि ती न जुळणं बरोबरच असतं, कारण ४,८०० रुपयांचा फायदा गोदामात पडून असलेल्या १,६०० किलोंचा आहे. व्यवहारात खरेदीवरच काढलेला बरा. दराचा फरक खरेदी झाली तेव्हाच कळतो, माल वापरेपर्यंत थांबण्यात काही हशील नाही. प्रश्नात दोन्ही आकडे दिले असतील आणि पद्धत सांगितली नसेल, तर आपण कोणती धरली ते एका ओळीत लिहून पुढे जायचं. मी या लेखात वापराची पद्धत धरतो, म्हणजे शेवटी सगळी बेरीज जुळवून दाखवता येईल. त्या १,६०० किलोंकडे मात्र पुन्हा यावं लागेल.

आता १,२०० रुपये काय आहेत ते दिसतं. एका बाजूला ६१,२०० चा फायदा, दुसऱ्या बाजूला ६०,००० चा तोटा, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त कॉस्ट व्हेरिअन्स वर कळवला असता तर 'मटेरियल ठीक आहे' असाच अर्थ निघाला असता.

लेबर: पगाराचे तास आणि कामाचे तास

लेबरला तीच उतरंड चालते, फक्त एक पायरी वाढते. पगार १०,२०० तासांचा दिला, काम १०,००० तासच झालं. वाया गेलेले २०० तास वेगळे काढले नाहीत, तर मशीन बंद असल्याचं खापर कामगारांच्या कौशल्यावर फुटतं.

```
१) ९,६०० तास × ८०   = ७,६८,०००   (स्टँडर्ड)
२) १०,००० तास × ८०  = ८,००,०००   (काम केलेले)
३) १०,२०० तास × ८०  = ८,१६,०००   (पगार दिलेले)
४) १०,२०० तास × ८२  = ८,३६,४००   (प्रत्यक्ष मजुरी)

एफिशिअन्सी व्हेरिअन्स  (१ − २) = ३२,००० प्रतिकूल
आयडल टाइम व्हेरिअन्स  (२ − ३) = १६,००० प्रतिकूल
रेट व्हेरिअन्स         (३ − ४) = २०,४०० प्रतिकूल
कॉस्ट व्हेरिअन्स       (१ − ४) = ६८,४०० प्रतिकूल
```

लक्षात ठेवण्यासारखं इतकंच: रेट व्हेरिअन्स पगार दिलेल्या तासांवर, एफिशिअन्सी काम केलेल्या तासांवर. आयडल टाइम या पद्धतीत कायम प्रतिकूलच येतो. चहा, साफसफाई, साचा बदलणं असा नेहमीचा वेळ स्टँडर्डच्या २ तासांतच धरलेला असतो; इथे मोजले जातात ते फक्त अपेक्षेबाहेर वाया गेलेले तास.

तिन्ही आकडे प्रतिकूल. यावरून 'या महिन्यात कामगार ढिले पडले' असा शेरा मारणं फार सोपं आहे, आणि बैठकांमध्ये तो मारलाही जातो. पण हे आकडे फक्त किती ते सांगतात, का ते सांगत नाहीत. का ते कळण्यासाठी तीन कागद लागतात: जॉब कार्ड, हजेरीपट आणि भंगाराची नोंद.

आपल्या उदाहरणात हे कागद असं सांगतात. मागच्या महिन्यात जुन्या पत्र्यावर एका नगाला जवळपास २ तासच लागत होते. नवी लॉट सुरू झाल्यावर तास वाढले. भंगाराच्या नोंदीत 'वाकवताना तडकला' हे कारण त्याच तारखेपासून दिसायला लागतं. वाया गेलेल्या २०० तासांपैकी १४० तासांवर 'डाय अडकली' असा शेरा आहे, उरलेले ६० तास वीज नव्हती म्हणून गेले. हजेरीपटात मूळ दर ८० च आहे, पण २५५ तास जादा पाळीचे आहेत आणि त्यांना दुप्पट दर दिला आहे. २५५ × ८० म्हणजे नेमके २०,४००. म्हणजे मजुरीचा दर कुणी वाढवून दिलेला नाही. रेट व्हेरिअन्स सगळाच्या सगळा जादा पाळीचा आहे. (बऱ्याच ठिकाणी जादा पाळीचा वरचा भाग ओव्हरहेडमध्ये टाकतात. तसं असेल तर तो इथे दिसणारच नाही, ओव्हरहेडच्या एक्स्पेंडिचरमध्ये शोधावा लागेल.)

व्हेरिएबल ओव्हरहेड: लेबरची सावली

हा भाग लवकर संपतो. व्हेरिएबल ओव्हरहेड कामाच्या तासांबरोबर चालतो असं धरलं आहे, म्हणून आधार काम केलेल्या १०,००० तासांचा.

```
१) ९,६०० × १५   = १,४४,०००
२) १०,००० × १५  = १,५०,०००
३) प्रत्यक्ष       = १,५२,०००

एफिशिअन्सी व्हेरिअन्स   (१ − २) = ६,००० प्रतिकूल
एक्स्पेंडिचर व्हेरिअन्स   (२ − ३) = २,००० प्रतिकूल
```

६,००० रुपयांबद्दल स्वतंत्र चौकशी करण्यात अर्थ नाही. ते लेबरचेच ४०० जादा तास आहेत, १५ रुपयांच्या दराने पुन्हा मोजलेले. लेबर एफिशिअन्सी प्रतिकूल आणि ही अनुकूल आली, तर आपलीच वजाबाकी तपासायची. दोन्हींचा आधार एकच असताना दिशा वेगळी येऊच शकत नाही. २,००० चा एक्स्पेंडिचर व्हेरिअन्स दीड लाखावर सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. त्यामागे धावण्यात खर्च होणारा वेळ जास्त महाग पडेल.

फिक्स्ड ओव्हरहेड: इथे पैसा आणि हिशोब वेगळे होतात

सगळ्यात जास्त अडखळण्याची जागा हीच, म्हणून जरा थांबून बघू. बजेटप्रमाणे महिन्याचा फिक्स्ड खर्च ५,००० × ८० म्हणजे ४,००,००० रुपये. तो ५,००० नगांवर वाटून प्रत्येक नगावर ८० रुपये चढवायचे ठरलं. नग ४,८०० च झाले, म्हणून उत्पादनावर चढले ३,८४,०००. प्रत्यक्ष खर्च ३,९४,०००. आता तीन रकमा अशा:

```
१) उत्पादनावर चढलेला  ४,८०० × ८० = ३,८४,०००
२) बजेट                            = ४,००,०००
३) प्रत्यक्ष                         = ३,९४,०००

व्हॉल्यूम व्हेरिअन्स      (१ − २) = १६,००० प्रतिकूल
एक्स्पेंडिचर व्हेरिअन्स   (२ − ३) = ६,००० अनुकूल
एकूण                   (१ − ३) = १०,००० प्रतिकूल
```

मधली रक्कम बघा. व्हेरिएबलमध्ये मधे 'प्रत्यक्ष तास गुणिले दर' होतं, इथे मधे सरळ बजेट आहे. फिक्स्ड खर्च तासांबरोबर हलत नाही, म्हणून तो तासांनी गुणून 'व्हायला हवा होता इतका' असा आकडा काढता येत नाही. हे एकदा पटलं की फिक्स्ड ओव्हरहेडचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

१६,००० चे अजून दोन तुकडे होतात. २०० नग कमी का झाले? एक शक्यता अशी की विभाग बजेटइतके तास चाललाच नाही. दुसरी अशी की तास पुरेसे चालला, पण तासाला कमी माल निघाला.

```
कपॅसिटी व्हेरिअन्स      (१०,००० − १०,०००) × ४० = ०
एफिशिअन्सी व्हेरिअन्स   (९,६०० − १०,०००) × ४०  = १६,००० प्रतिकूल
```

बजेटचे तास ५,००० × २ = १०,०००, आणि काम केलेले तासही १०,०००. कपॅसिटी शून्य. हा शून्य फार कामाचा आहे: ऑर्डर कमी होत्या, माणसं कमी होती, विजेने घात केला, या सगळ्या सबबी तो बाद करतो. विभाग पूर्ण वेळ चालला. तरीही २०० नग कमी निघाले, म्हणजे उत्तर तासांच्या आत शोधायचं आहे. अर्थात हे १०,००० तास जादा पाळी लावून गाठलेले आहेत, हेही विसरायचं नाही. काही प्रश्नांत कामाचे दिवस दिलेले असतात. मग सुट्ट्यांमुळे पडलेला फरक कॅलेंडर व्हेरिअन्स म्हणून कपॅसिटीतून वेगळा काढतात. दिवस दिले नसतील तर तो शोधत बसू नये.

आता व्हॉल्यूम व्हेरिअन्सचा अर्थ. ६०,००० चा पत्रा खरोखर भंगारात गेला. पण हे १६,००० रुपये कुणाला दिले गेलेले नाहीत. जागेचं भाडं, सुपरवायझरचा पगार, घसारा तेवढाच राहिला. फक्त तो वाटून घ्यायला नग कमी पडले. म्हणून व्हॉल्यूम व्हेरिअन्सला 'नुकसान' म्हणताना मी जपून बोलतो. खरं नुकसान वेगळ्या प्रश्नावर ठरतं: ते २०० नग बनले असते तर विकले गेले असते का? समजा विक्री किंमत ६०० रुपये आहे. व्हेरिएबल खर्च २०० + १६० + ३० म्हणजे ३९०, तर नगामागे २१० रुपये सुटतात. गिऱ्हाईक दारात उभं असेल तर २०० × २१० म्हणजे ४२,००० रुपये गेले, १६,००० नव्हे. आणि गोदामात आधीच माल पडून असेल, तर या २०० नगांपायी एक पैसाही गेला नाही. १६,००० हा आकडा या दोन्हींपैकी कशाचंच उत्तर नाही.

याची उलट बाजू जास्त धोक्याची. मागणी नसताना ५,३०० नग बनवून ठेवले असते, तर व्हॉल्यूम व्हेरिअन्स २४,००० अनुकूल आला असता. कागदावर शाबासकी आणि गोदामात न खपणारा माल.

६,००० च्या अनुकूल एक्स्पेंडिचरबद्दलही एक प्रश्न विचारायचा: काय वाचलं? भाडं किंवा विमा कमी झाला असेल तर उत्तम. देखभालीचं काम पुढच्या महिन्यात ढकललं असेल तर ती बचत नाही, उधारी आहे. आपल्या उदाहरणात हा प्रश्न आणखीच टोचतो, कारण डाय अडकण्याचं कारण स्वस्त पत्राच आहे की न केलेली देखभाल, हे ठरायचं आहे. दोन्ही कारणं एकाच महिन्यात हजर असताना आकडा त्यांत भेद करत नाही. जॉब कार्ड करतं. डाय जुन्या पत्र्यावरही अडकत असती तर बोट देखभालीकडे गेलं असतं. सगळे शेरे नव्या लॉटच्या तारखांचे आहेत, म्हणून पत्र्याकडे जातं. तरी मी देखभालीची वही मागवेनच. देखभाल चुकलेली डाय चांगल्या पत्र्यावर कशीबशी चालते आणि वाईट पत्र्यावर हात टेकते, असंही होतं.

बेरीज जुळवा, मगच अर्थ लावा

४,८०० नगांचा स्टँडर्ड खर्च ४,८०० × ४७० म्हणजे २२,५६,०००. त्यापासून प्रत्यक्ष खर्चापर्यंत पोचता आलं पाहिजे. न पोचल्यास कुठेतरी तास किंवा किलो चुकीचे घेतले आहेत.

| | अनुकूल (रु.) | प्रतिकूल (रु.) |
|---|---|---|
| मटेरियल प्राइस | ६१,२०० | |
| मटेरियल यूसेज | | ६०,००० |
| लेबर रेट | | २०,४०० |
| लेबर आयडल टाइम | | १६,००० |
| लेबर एफिशिअन्सी | | ३२,००० |
| व्हेरिएबल ओव्हरहेड एक्स्पेंडिचर | | २,००० |
| व्हेरिएबल ओव्हरहेड एफिशिअन्सी | | ६,००० |
| फिक्स्ड ओव्हरहेड एक्स्पेंडिचर | ६,००० | |
| फिक्स्ड ओव्हरहेड कपॅसिटी | ० | ० |
| फिक्स्ड ओव्हरहेड एफिशिअन्सी | | १६,००० |
| एकूण | ६७,२०० | १,५२,४०० |

निव्वळ ८५,२०० प्रतिकूल. स्टँडर्ड २२,५६,००० मध्ये ते मिळवले की २३,४१,२००. आणि ९,५८,८०० + ८,३६,४०० + १,५२,००० + ३,९४,००० ची बेरीजही तेवढीच.

हा तक्ता विभागवार वाचला तर निकाल असा लागतो: खरेदी विभाग पास, उत्पादन विभाग नापास. निर्णयवार वाचला तर उलटा लागतो. ३ रुपये स्वस्त पत्रा घेण्याच्या निर्णयाच्या खात्यावर काय-काय जातं ते मांडू. जमेला ६१,२००. नावे टाकायला: तडकून गेलेला पत्रा ६०,०००, जादा लागलेले ४०० तास ३२,०००, त्याच तासांचा व्हेरिएबल ओव्हरहेड ६,०००, आणि डाय अडकल्याचे १४० तास म्हणजे ११,२००. वीज गेल्याचे ६० तास या खात्यात नकोत. बेरीज १,०९,२००. म्हणजे किलोमागे ३ रुपये वाचवून महिन्याला ४८,००० रुपये जास्त गेले.

फिक्स्ड ओव्हरहेडचे १६,००० मी मुद्दाम धरलेले नाहीत, कारण ते पैसे बाहेर गेलेले नाहीत. त्याऐवजी २०० नगांना खरंच गिऱ्हाईक होतं का हे विक्री विभागाला विचारून, असल्यास ४२,००० धरायचे. जादा पाळीचे २०,४०० ही वादाची रक्कम आहे. चांगल्या पत्र्यावर ४,८०० नग ९,६०० तासांतच झाले असते आणि जादा पाळी लागलीच नसती, हा युक्तिवाद मला पटतो, पण विजेचे ६० तास भरून काढायलाही काही जादा पाळी लागली असेल. म्हणून मी ती रक्कम वेगळी दाखवून खाली कारण लिहीन, सरसकट खरेदीच्या माथी मारणार नाही.

खरेदी अधिकाऱ्याची बाजूही ऐकावी लागते. स्टँडर्डचा ५० हा दर कधी ठरला? त्यानंतर त्याच दर्जाच्या पत्र्याचा बाजारभाव सगळीकडेच ४७ झाला असेल, तर ६१,२०० ही कुणाची हुशारी नाही आणि कुणी हलका माल घेतला असाही अर्थ निघत नाही; स्टँडर्डच जुनं झालं आहे. हे तपासणं अवघड नसतं. त्याच महिन्यात त्याच दर्जाच्या पत्र्याची आलेली इतर कोटेशन आणि पुरवठादाराचं चाचणी प्रमाणपत्र, एवढे दोन कागद पुरतात. भाव तोच आणि दर्जा खालचा असेल तर खरेदीने तडजोड केली. भाव उतरला आणि दर्जा तोच असेल तर तडकण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि वरचा ४८,००० चा हिशोब रद्द करायला हवा.

वरिष्ठांना द्यायच्या टिपणात मी सगळे व्हेरिअन्स एकेका ओळीत देणार नाही, तक्ता जोडला की पुरे. टिपण एवढंच: 'एकूण ८५,२०० प्रतिकूल. नव्या लॉटचा पत्रा तडकल्यामुळे दरातील बचत वजा जाता ४८,००० चा जादा खर्च. जादा पाळीचे २०,४०० बहुतांश याच कारणाचे. फिक्स्ड खर्चातली ६,००० ची बचत देखभालीचं काम पुढे ढकलल्यामुळे आहे का, हे तपासायचं आहे. नव्या लॉटचे १,६०० किलो गोदामात शिल्लक.'

शेवटचं वाक्य विसरू नये. त्या १,६०० किलोंमागे वाचलेले ४,८०० रुपये, खरेदीवर मोजलं तर, याच महिन्यात जमा झालेले दिसतात. पण तो पत्रा पुढच्या महिन्यात मशीनवर चढेल. १९,२०० किलोंचं काम २०,४०० किलोंत झालं, याच प्रमाणात तो ४०० ऐवजी सुमारे ३७६ नग देईल, आणि पुढच्या महिन्याच्या यूसेज व्हेरिअन्समध्ये जवळपास ४,७०० रुपयांची प्रतिकूल भर पडेल. तेव्हा खरेदीचा दर कदाचित पुन्हा ५० असेल, तक्त्यात अनुकूल काहीच दिसणार नाही, आणि शॉपच्या सुपरवायझरला एकट्याला जाब विचारला जाईल. म्हणून तो पत्रा वेगळा ठेवून, लॉट नंबर टाकूनच शॉपला द्यायला सांगा, किंवा साध्या, न वाकवायच्या कामाकडे वळवा.